बुल कॉल स्प्रेड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली, मिरज, तासगाव आणि विटा या भागांतील वाचक ऑप्शन स्प्रेडविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. सर्व उत्तरे बुल कॉल स्प्रेड या एकाच रचनेपुरती मर्यादित ठेवली आहेत, कारण बहुतेकांची सुरुवात तिथूनच होते आणि बहुतेकांचा गोंधळही तिथेच होतो. 'तोटा मर्यादित' हे दोन शब्द सर्वांना पाठ असतात. ती मर्यादा कोणत्या अटींवर टिकते आणि कोणत्या क्षणी सुटते, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. कोणते सौदे करावेत याचा सल्ला येथे दिलेला नाही.

१. बुल कॉल स्प्रेड म्हणजे नेमके काय?

कॉल ऑप्शन म्हणजे ठरलेल्या भावाने खरेदी करण्याचा हक्क; त्या ठरलेल्या भावाला स्ट्राइक म्हणतात आणि हक्कासाठी मोजायच्या किमतीला प्रीमियम. एकाच निर्देशांकावरचे किंवा शेअरवरचे, एकाच मुदतीचे आणि सारख्याच संख्येचे दोन कॉल ऑप्शन एकत्र धरले, त्यांपैकी कमी स्ट्राइकचा विकत घेतला आणि जास्त स्ट्राइकचा विकला, की बुल कॉल स्प्रेड तयार होतो. कमी स्ट्राइकचा कॉल नेहमी महाग असतो, त्यामुळे विक्रीतून आलेला प्रीमियम वजा करूनही आपल्या खिशातून काही रक्कम जातेच. ही निव्वळ रक्कम म्हणजे आपला जास्तीत जास्त तोटा. दोन स्ट्राइकमधील अंतरातून ती रक्कम वजा केली की उरतो तो जास्तीत जास्त नफा. भाव बऱ्यापैकी चढेल असे वाटते, पण फार मोठी झेप घेईल असे वाटत नाही, अशा वेळी ही रचना वापरतात. वरच्या स्ट्राइकपलीकडची तेजी आपण आधीच विकून टाकलेली असते आणि त्या विक्रीच्या पैशातून खरेदीचा खर्च कमी झालेला असतो.

२. हे आकड्यांत समजावून सांगाल का?

समजा, निफ्टी २५,००० वर आहे आणि मुदत संपायला दहा दिवस आहेत. २५,००० चा कॉल २१० रुपयांना मिळतो आणि २५,३०० चा कॉल ८५ रुपयांना विकला जातो. हे भाव उदाहरणादाखल घेतले आहेत, मात्र ते अवास्तव नाहीत. निव्वळ खर्च १२५ रुपये झाला. लॉट ६५ नगांचा धरला, तर एका स्प्रेडसाठी ८,१२५ रुपये गेले. लॉटचा आकार एनएसई वेळोवेळी बदलते, २०२५ मध्ये तो ७५ होता. म्हणून सौद्यापूर्वी तो पाहून घ्यावा.

मुदतीच्या दिवशी निफ्टी २५,००० वर किंवा त्याखाली बंद झाला, तर दोन्ही कॉल शून्य होतात आणि ८,१२५ रुपये जातात. निफ्टी २४,००० वर गेला तरी त्याहून एक रुपयाही जास्त जात नाही. २५,१२५ वर ना नफा ना तोटा. २५,३०० वर स्प्रेडची किंमत ३०० रुपये होते, म्हणजे नफा १७५ गुणिले ६५, अर्थात ११,३७५ रुपये. निफ्टी २५,३०० च्या वर कितीही गेला, तरी खालच्या कॉलची वाढ आणि वरच्या कॉलचे देणे बरोबरीने वाढत राहते आणि नफा तिथेच थांबतो. हे सर्व आकडे खर्च व कर धरण्यापूर्वीचे आहेत, आणि ते मुदतीच्या दिवसाचे आहेत. या दुसऱ्या अटीमुळे जे घडते, ते प्रश्न ७ मध्ये पाहावे.

३. नफ्यावर झाकण घालून घेण्यापेक्षा नुसता कॉलच घेतलेला काय वाईट?

वरच्याच उदाहरणात नुसता २५,००० चा कॉल घेतला असता, तर १३,६५० रुपये लागले असते आणि निफ्टीला २५,२१० च्या पुढे जावे लागले असते. समजा, निफ्टी दीडशे अंश चढून २५,१५० वर बंद झाला. कॉलची किंमत १५० रुपये होईल. नुसता कॉल घेणाऱ्याचे प्रत्येक नगामागे ६० रुपये, म्हणजे ३,९०० रुपये जातील. स्प्रेड करणाऱ्याला त्याच बाजारात २५ रुपयांप्रमाणे १,६२५ रुपये मिळतील. दोघांचाही अंदाज बरोबर ठरला, तरी पैसे एकालाच मिळाले.

उलट निफ्टी २५,६०० वर गेला, तर कॉलवाल्याला २५,३५० रुपये मिळतात आणि स्प्रेडवाला ११,३७५ वरच थांबतो. दोघांचा नफा नेमका सारखा होतो तो २५,३८५ वर, म्हणजे वरच्या स्ट्राइकमध्ये विक्रीचा प्रीमियम मिळवला की येणाऱ्या आकड्यावर. म्हणून विचार असा करावा, की उरलेल्या दिवसांत निफ्टी २५,३८५ च्या वर बंद होईल अशी आपली खरोखर धारणा आहे का? असेल, तर स्प्रेड करू नये. नसेल, तर त्यावरची तेजी विकून ८५ रुपये घेणे शहाणपणाचे आहे. दहा दिवसांत दीड टक्क्याहून जास्त चढ हवा असतो, हे लक्षात घेतले की बहुतेकांचे उत्तर 'नाही' असेच येते.

अर्थसंकल्पासारख्या घटनेच्या आदल्या दिवशी हा फरक आणखी ठळक होतो. घटनेपूर्वी अनिश्चिततेमुळे सगळेच प्रीमियम फुगलेले असतात आणि घटना पार पडताच ते उतरतात. नुसता कॉल घेणाऱ्याला ही उतरण पूर्ण सोसावी लागते. स्प्रेडमध्ये घेतलेला आणि विकलेला असे दोन्ही कॉल उतरत असल्यामुळे तिचा बराचसा भाग आपसांत फिटतो.

४. आमच्याकडे हळदीच्या वायद्यातही 'स्प्रेड' करतात. तो हाच का?

नाही. हळदीच्या वायद्यात स्प्रेड म्हणजे साधारणपणे एका महिन्याचा वायदा घेणे आणि दुसऱ्या महिन्याचा विकणे. सांगलीला हा व्यवहार नवा नाही. एनसीडीईएक्स हा शेतमालाचा राष्ट्रीय वायदे बाजार येण्यापूर्वी हळदीच्या वायद्यासाठी येथे स्पायसेस अँड ऑइलसीड्स एक्स्चेंज हा स्वतःचा बाजार होता. पण तिथे दोन महिन्यांच्या भावांतील फरक किती रुंदावेल याला सीमा नसते, त्यामुळे तोट्यालाही आधी ठरलेली सीमा नसते. ऑप्शन स्प्रेडमधील मर्यादा ही दोन्ही ऑप्शनची मुदत एकच असल्यामुळे आणि दोन स्ट्राइकमधील अंतर पक्के असल्यामुळे येते. वायद्याचा अनुभव असलेल्या व्यापाऱ्यांना मार्जिन आणि मुदत या गोष्टी लवकर कळतात. फक्त ही एक गोष्ट त्यांनी जुन्या अनुभवावरून गृहीत धरू नये.

५. जास्तीत जास्त तोटा ८,१२५ रुपये आहे, तर ब्रोकर खात्यात चाळीस हजारांच्या आसपास रक्कम का मागतो?

स्प्रेडमध्ये एक ऑप्शन विकलेला असतो आणि विक्रीवर मार्जिन, म्हणजे तारण म्हणून अडकवून ठेवायची रक्कम, लागते. या मार्जिनचे दोन भाग आहेत. पहिला स्पॅन मार्जिन. दोन्ही ऑप्शन एकत्र पाहून, बाजार प्रतिकूल गेला तर किती नुकसान होईल यावरून तो काढतात. आपण खालचा कॉल घेतलेला असल्यामुळे हा भाग खूप उतरतो. दुसरा एक्स्पोजर मार्जिन. तो निर्देशांकाच्या विकलेल्या ऑप्शनवर सौद्याच्या एकूण मूल्याच्या सुमारे दोन टक्के लागतो आणि घेतलेल्या कॉलचे संरक्षण असूनही कमी होत नाही. आपल्या उदाहरणात २५,००० गुणिले ६५ म्हणजे सव्वासोळा लाख रुपयांचे मूल्य झाले. त्याचे दोन टक्के ३२,५०० रुपये. त्यात स्प्रेडची ८,१२५ रुपयांची निव्वळ किंमत मिळवली, की चाळीस हजारांचा हिशेब लागतो.

यातील मार्जिनचा भाग खर्च झालेला नसतो, तो अडकलेला असतो आणि सौदा संपल्यावर मोकळा होतो. पण परताव्याची टक्केवारी काढताना तो धरायला हवा. ८,१२५ वर ११,३७५ म्हणजे १४० टक्के, असे सांगणारे संदेश आमच्याकडे नेहमी येतात; अडकलेल्या रकमेवर तोच आकडा २८ टक्क्यांच्या आसपास येतो, तोही सर्व काही मनासारखे झाले तर. गहाण ठेवलेल्या शेअर्सवर मिळालेले मार्जिन विक्रीसाठी वापरता येते, मात्र खरेदीच्या कॉलचा प्रीमियम रोखच भरावा लागतो.

६. आधी कॉल घ्यावा की विकावा? दोन्ही ऑर्डर एकदम टाकता येतात का?

आधी घ्यावा, मग विकावा. खरेदी झालेली नसताना विक्रीची ऑर्डर टाकली, तर ब्रोकरची यंत्रणा तिला उघडी, म्हणजे खरेदीचे संरक्षण नसलेली, विक्री समजते आणि दीड-दोन लाखांच्या घरात मार्जिन मागते. तेवढी रक्कम नसेल तर ऑर्डर फेटाळली जाते. अनेक ब्रोकरकडे बास्केट ऑर्डरची सोय आहे. तिच्यात दोन्ही ऑर्डर एका पानावर लिहून, खरेदी वर ठेवून, एकत्र पाठवता येतात:

```
BUY   NIFTY 25000 CE   LIMIT 210
SELL  NIFTY 25300 CE   LIMIT 85
```

एकत्र पाठवल्या तरी या दोन स्वतंत्र ऑर्डरच असतात, आणि एक पूर्ण होऊन दुसरी लटकू शकते. तासगावच्या एका द्राक्ष बागायतदारांनी पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये नेमके हेच दिसत होते: वरच्या ओळीत खरेदी पूर्ण झालेली, खालच्या ओळीत विक्री ८५ रुपयांना उभी, आणि बाजारभाव तोवर ७४ वर आलेला. अशा वेळी पर्याय दोनच असतात. ७४ ला विकून स्प्रेडचा खर्च १३६ रुपये झाला हे मान्य करावे, किंवा घेतलेला कॉल विकून सौदा रद्द करावा. भाव पुन्हा ८५ होईल म्हणून थांबणे म्हणजे आपण ठरवलेला सौदा सोडून नुसत्या कॉलचा सौदा चालू ठेवणे होय, आणि त्याचा तोटा ८,१२५ वर थांबत नाही. घाईत मार्केट ऑर्डर, म्हणजे मिळेल त्या भावाची ऑर्डर, टाकणे हा यावरचा उपाय नव्हे. ज्या स्ट्राइकमध्ये उलाढाल कमी आहे, तिथे खरेदीदार आणि विक्रेता यांच्या भावांतील दरीच आपला नफा खाऊन टाकते.

७. निफ्टी चौथ्याच दिवशी २५,३०० वर पोहोचला, तरी पूर्ण नफा का दिसत नाही?

कारण विकलेल्या कॉलमध्ये अजून सहा दिवसांची किंमत शिल्लक आहे. निफ्टी २५,३०० वर असताना २५,००० चा कॉल समजा ३७० रुपयांना आणि २५,३०० चा कॉल १६५ रुपयांना आहे. फरक २०५ रुपये. आपण १२५ दिले होते, म्हणून हाती येणारा नफा ८० रुपयांप्रमाणे ५,२०० रुपये, ११,३७५ नव्हे.

प्रश्न २ मधील आकडे मुदतीच्या दिवसाचे आहेत असे तिथे म्हटले, ते यासाठीच. दोन्ही कॉलमधील वेळेची किंमत जसजशी विरते, तसतसा स्प्रेड ३०० कडे सरकतो, पण निफ्टी २५,३०० च्या वर टिकला तरच. निफ्टी २५,००० च्या आसपास रेंगाळला, तर हाच काळ आपल्या विरुद्ध काम करतो आणि स्प्रेड शून्याकडे घसरतो. म्हणजे दिवस उलटणे आपल्या बाजूचे की विरुद्ध, हे भाव दोन स्ट्राइकच्या कोणत्या टोकाजवळ आहे यावर अवलंबून असते. नुसता कॉल घेणाऱ्याच्या बाबतीत ते कायम विरुद्धच असते.

पहिला स्प्रेड केलेल्या वाचकांची सर्वांत जास्त निराशा याच ठिकाणी होते. दिशा बरोबर, वेगही बरोबर, आणि तरीही पडद्यावर निम्म्याहून कमी नफा. हा दोष कोणाचा नाही. स्प्रेडचा नफा सावकाशीने येतो.

८. मग मुदतीपर्यंत थांबावे, की वाटेत बाहेर पडावे?

प्रश्न ७ मधील स्थितीतच उत्तर शोधू. स्प्रेड आत्ता २०५ रुपयांना विकता येतो. थांबलो, तर आणखी ९५ रुपये मिळू शकतात. बाजार फिरला, तर हातातले २०५ जाऊ शकतात. सौदा करताना आपण १७५ मिळवण्यासाठी १२५ पणाला लावले होते, आता ९५ साठी २०५ लावत आहोत. एवढ्याचसाठी सौदा मोडलाच पाहिजे असे नाही, कारण २५,३०० वर टिकून राहण्याची शक्यताही आता वाढलेली असते. पण 'आज हातात काही नसते, तर मी हा स्प्रेड २०५ ला विकत घेतला असता का?' या प्रश्नाचे उत्तर प्रामाणिकपणे द्यावे. मी स्वतः स्प्रेड अंतराच्या तीन-चतुर्थांशाजवळ, म्हणजे येथे सव्वादोनशेच्या आसपास आला, की बाहेर पडण्याकडे झुकतो. हा नियम नव्हे, माझा कल आहे.

बाहेर पडताना क्रम उलटा असतो: आधी विकलेला कॉल परत घ्यावा, मग घेतलेला विकावा. घेतलेला आधी विकला, तर तेवढ्या काळासाठी उघडी विक्री उरते, मार्जिन एकदम वाढते आणि दुसरी ऑर्डर अडकली, तर तोट्याची मर्यादाही उरत नाही. नफ्यात दिसणारी ओळ आधी बंद करून तोट्यात दिसणारी 'भाव येईपर्यंत' ठेवण्याची सवय अनेकांना असते. बाजार चढल्यावर नफ्यातली ओळ घेतलेल्या कॉलचीच असते, त्यामुळे ही सवय येथे सर्वांत धोक्याची ठरते.

९. दोन स्ट्राइकमध्ये अंतर किती ठेवावे? ५० अंशांचा स्प्रेड फारच स्वस्त पडतो.

स्वस्त पडतो, पण खर्च तेवढाच राहतो. एका स्प्रेडमध्ये शिरून बाहेर पडायला चार ऑर्डर लागतात. प्रत्येक ऑर्डरला २० रुपये दलाली धरली, त्यावर जीएसटी, एक्स्चेंजचे शुल्क आणि विक्रीच्या प्रीमियमवरचा रोखे व्यवहार कर मिळवला, तर आपल्या उदाहरणात दीडशे ते पावणेदोनशे रुपये होतात. रोखे व्यवहार कराचा दर १ ऑक्टोबर २०२४ पासून ०.०६२५ वरून ०.१ टक्के झाला. अर्थसंकल्पात तो बदलतो, म्हणून चालू दर काँट्रॅक्ट नोटवर पाहावा. ८,१२५ च्या स्प्रेडवर हा खर्च दोन टक्क्यांच्या आसपास आहे. ५० अंशांच्या स्प्रेडला समजा २३ रुपयांप्रमाणे १,४९५ रुपये लागले, तर तिथेही शंभर-सव्वाशे रुपये जातातच, शिवाय दोन्ही ऑप्शनच्या भावदरीत रुपया-दोन रुपये जातात. एवढ्या लहान रचनेत हे परवडत नाही, आणि मार्जिन तर प्रश्न ५ मध्ये सांगितल्याप्रमाणे जवळपास तेवढेच अडकते.

फार रुंद अंतराचा स्प्रेड दुसऱ्या बाजूने निरर्थक होतो, कारण दूरचा कॉल इतका स्वस्त असतो की त्याच्या विक्रीने खरेदीचा खर्च फारसा उतरत नाही. निव्वळ खर्च अंतराच्या किती टक्के आहे, हे पाहणे उपयोगाचे असते. १२५ भागिले ३०० म्हणजे सुमारे ४२ टक्के. याचा ढोबळ अर्थ असा, की पूर्ण नफा किंवा पूर्ण तोटा एवढेच दोन निकाल धरले, तर शंभरातले बेचाळीस सौदे तरी जिंकायला हवेत, तेव्हा कुठे हिशेब बरोबरीत सुटतो.

१०. विकलेला कॉल समोरच्याने मुदतीपूर्वीच वापरला तर?

तसे येथे होऊ शकत नाही. हा प्रश्न बहुधा अमेरिकी बाजारावरचे व्हिडिओ पाहून येतो. तिथे शेअरवरचे ऑप्शन मुदतीपूर्वी कधीही वापरता येतात. एनएसईवर निर्देशांकाचे ऑप्शन युरोपियन पद्धतीचे आहेत, आणि शेअरवरचे ऑप्शनही २०११ पासून युरोपियन पद्धतीचे झाले. त्यामुळे ते फक्त मुदतीच्या दिवशीच वापरले जातात.

११. बाजार पडल्यामुळे विकलेला कॉल २० रुपयांवर आला आहे. तो परत घेऊन नफा खिशात टाकावा का?

त्या ओळीत ६५ रुपयांचा नफा दिसतो हे खरे. पण तो परत घेतल्यावर हातात उरतो तो पडलेला, नुसता २५,००० चा कॉल, आणि आपला एकूण खर्च १२५ वरून १४५ रुपये होतो. म्हणजे जास्तीत जास्त तोटा ८,१२५ ऐवजी ९,४२५ रुपये झाला. बाजार लगेच उसळणार असे मानण्यास ठोस कारण असेल, तर हा एक नवा सौदा म्हणून करता येतो. 'नफा बांधला' हे त्याचे वर्णन मात्र चुकीचे आहे. स्प्रेडच्या दोन ओळी पडद्यावर वेगवेगळ्या दिसतात म्हणून त्यांचा नफा-तोटा वेगळा मोजण्याचा मोह होतो. हिशेब नेहमी दोन्हींचा मिळूनच करावा.

१२. एक कॉल घेऊन वरचे दोन विकले, तर स्प्रेड जवळजवळ फुकट पडतो. हे का करू नये?

करता येते, पण तो बुल कॉल स्प्रेड राहत नाही. २१० ला एक घेऊन ८५ चे दोन विकले, तर खर्च फक्त ४० रुपये येतो, आणि निफ्टी नेमका २५,३०० वर बंद झाला, तर २६० रुपये मिळतात. त्यापुढे मात्र दुसरा विकलेला कॉल उघडा पडतो आणि प्रत्येक अंशाला एक रुपया परत जाऊ लागतो. २५,५६० वर नफा संपतो, आणि तिथून वर तोट्याला सीमा नाही. तेजीचा अंदाज बांधून तेजीतच बुडण्याची ही तजवीज आहे. मार्जिनही उघड्या विक्रीचे लागते.

१३. फ्यूचर्स-ऑप्शनमधील तोटा शेतीच्या उत्पन्नातून किंवा पगारातून वजा होतो का?

दोन्हींतून होत नाही. एक्स्चेंजवर केलेले फ्यूचर्स-ऑप्शनचे व्यवहार प्राप्तिकरात सट्टा नसलेला व्यवसाय समजले जातात. त्यांतील तोटा पगारातून वजा करता येत नाही. शेतीचे उत्पन्न मुळातच करमुक्त असल्याने त्यातूनही नाही. विवरणपत्र मुदतीत भरले असेल, तर तो तोटा पुढील आठ वर्षे व्यवसायाच्या उत्पन्नातून वजा करता येतो. स्प्रेडमध्ये दोन्ही कॉलचे निकाल वेगळे नोंदले जातात आणि उलाढाल मोजताना नफा व तोटा या दोन्ही रकमांची बेरीज होते, त्यामुळे किरकोळ निव्वळ नफ्यासाठीही उलाढालीचा आकडा मोठा दिसतो. हे कर सल्लागाराला आधीच सांगावे.

१४. मुदतीच्या दिवशी निफ्टीचा स्प्रेड तसाच सोडून दिला तर चालते का?

चालते, आणि काही वेळा तेच किफायतशीर असते. निर्देशांकाचे ऑप्शन रोखीने मिटतात, त्यामुळे बंद मूल्यावरून दोन्ही कॉलचा हिशेब आपोआप होतो. समजा, निफ्टी २५,६०० वर आहे. खालच्या कॉलला ५९६ रुपयांचा खरेदीदार मिळतो आणि वरचा परत घ्यायला ३०४ रुपये मोजावे लागतात. म्हणजे बाजारात बाहेर पडून २९२ रुपये हाती येतात. मिटवणीत पूर्ण ३०० येतात. आठ रुपयांचा फरक म्हणजे लॉटमागे ५२० रुपये. अर्थात, भाव वरच्या स्ट्राइकपासून सुरक्षित अंतरावर असेल तरच हे खरे. तो २५,३०० च्या आसपास खालीवर होत असेल, तर थांबण्यात जोखीम आहे.

खात्यात मात्र जागा ठेवावी लागते. नोव्हेंबर २०२४ पासून सेबीच्या नियमानुसार विकलेल्या निर्देशांक ऑप्शनवर मुदतीच्या दिवशी आणखी दोन टक्के मार्जिन लागते. आपल्या उदाहरणात ते पुन्हा ३२,५०० च्या आसपास येते. निफ्टीची मुदत सप्टेंबर २०२५ पासून मंगळवारी संपते, आणि 'ब्रोकरने माझा सौदा न विचारता का मोडला?' हा फोन आम्हाला बहुधा मंगळवारी दुपारीच येतो. कारण पुष्कळदा हेच वाढीव मार्जिन असते.

१५. निफ्टीऐवजी एखाद्या शेअरवर हा स्प्रेड केला, तर हेच नियम लागू होतात का?

मुदतीच्या आदल्या आठवड्यापर्यंत जवळपास हेच. त्यानंतर नाही, आणि या पानावरील सर्वांत महागडा अपवाद हाच आहे. ऑक्टोबर २०१९ पासून शेअरवरचा कोणताही ऑप्शन रोखीने मिटत नाही. प्रत्यक्ष शेअर द्यावे-घ्यावे लागतात.

समजा, एका शेअरचा लॉट ७०० चा आहे. आपण ८०० चा कॉल घेतला, ८४० चा विकला, निव्वळ खर्च १५ रुपये, म्हणजे १०,५०० रुपये. मुदतीच्या दिवशी शेअर ८६० वर बंद झाला, तर अडचण नाही: खालच्या कॉलने ७०० शेअर मिळायचे आणि वरच्या कॉलवर ७०० द्यायचे, ही देणी-घेणी आपसांत फिटतात आणि फक्त ४० रुपयांचा फरक हाती येतो. शेअर ७९० वर राहिला, तरी अडचण नाही; १०,५०० रुपये गेले आणि विषय संपला.

अडचण मधल्या पट्ट्यात आहे. शेअर ८२५ वर बंद झाला, तर विकलेला कॉल शून्य होतो आणि घेतलेला कॉल वापरला जातो. कागदावर नफा २५ वजा १५, म्हणजे १० रुपयांप्रमाणे ७,००० रुपये. पण तो मिळण्यासाठी ७०० शेअर ८०० रुपयांनी घ्यावे लागतात, म्हणजे पाच लाख साठ हजार रुपये उभे करावे लागतात. शिवाय ते शेअर विकेपर्यंत भाव कुठे जाईल हे आपल्या हाती नसते. दुसऱ्या दिवशी शेअर ७७० वर उघडला, तर लॉटमागे २१,००० रुपयांची घट आणि आधीचा १०,५०० चा खर्च मिळून ३१,५०० रुपये जातात. 'तोटा मर्यादित' असलेल्या सौद्यात मर्यादेच्या तिप्पट तोटा होतो तो असा. तोवर स्प्रेड संपलेला असतो आणि हातात साधे शेअर असतात.

याची चाहूल आधीच लागते. घेतलेला कॉल इन द मनी असेल, म्हणजे शेअरचा भाव त्याच्या स्ट्राइकच्या वर असेल, तर मुदतीच्या चार दिवस आधीपासून डिलिव्हरी मार्जिन लागू होऊन रोज वाढत जाते, आणि ब्रोकरचे संदेश येऊ लागतात. ते संदेश जाहिरात समजून पुसू नयेत. शेअर दोन स्ट्राइकच्या मध्ये असेल, तर पहिला संदेश आल्यावरच दोन्ही कॉल प्रश्न ८ मधील क्रमाने बंद करावेत, कारण शेवटच्या दिवशी अशा ऑप्शनमध्ये खरेदीदार विरळ होतात आणि बरेच ब्रोकर दुपारनंतर आपणहून सौदे मोडू लागतात.